मेसेजमधला स्वल्पविराम आणि ‘परवा’चा घोटाळा

मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या माणसाने असा मेसेज पाठवावा, हे मला आजही कबूल करायला जड जातं. पण उदाहरण म्हणून तो इतका नेमका आहे की दुसरं शोधायची गरज नाही. अंगात ताप होता, फोन हातात धरवत नव्हता, आणि मी आमच्या कामातल्या ज्येष्ठ सहकारी ताईंना एका दमात हे लिहून पाठवलं:

“ताई मला आज यायला जमणार नाही, ताप आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, परवा, प्रुफं टेबलावर ठेवली आहेत, दुसरं प्रकरण वाचून झालंय, तिसरं राहिलंय, तुम्ही बघाल का”

मला म्हणायचं होतं की मी परवा येईन. ताईंनी वाचलं की प्रुफं परवा ठेवली आहेत. टेबलावर दोन गठ्ठे होते: एक दोन दिवसांपूर्वीचा, एक आदल्या संध्याकाळचा. त्यांनी जुना उचलला आणि दोन तास त्यावर खुणा केल्या. त्या चुका मी आधीच दुरुस्त करून घेतल्या होत्या.

‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. परवा आलो, परवा येईन. तो कोणत्या बाजूचा हे क्रियापद ठरवतं. मी त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम ठेवून त्याला मधेच लोंबकळत सोडलं होतं. ताईंनी तो पुढच्या क्रियापदाला जोडला. ‘परवा प्रुफं टेबलावर ठेवली आहेत’ हे मराठीत अगदी बिनतक्रार वाक्य आहे, त्यामुळे त्यांची काहीच चूक नाही.

दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने एकमेकांना चिकटवणं, याला इंग्रजी व्याकरणात ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. आपल्याकडे शाळेत या चुकीला वेगळं नाव मिळालेलं मला आठवत नाही. मी तिला ‘स्वल्पविरामाची गाठ’ म्हणतो. ती सोडवायला तीन हत्यारं आहेत: पूर्णविराम, उभयान्वयी अव्यय आणि अर्धविराम. तिन्ही आपण सहावी-सातवीत शिकलेलो असतो. घोळ होतो तो कुठलं कुठे वापरायचं आणि मुळात गाठ आहे हे ओळखायचं कसं, इथे. वरचाच मेसेज घेऊन एकेक पायरी बघू.

आधी गाठ शोधा: स्वल्पविरामाच्या डावीकडचा शब्द बघा

मराठी वाचकाला यात एक मोठी सोय आहे. आपलं क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे मेसेजभर शोधत बसायचं कारण नाही. प्रत्येक स्वल्पविरामाजवळ थांबायचं आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द बघायचा. तिथे पुरं क्रियापद असेल, तर वाक्य तिथेच संपलंय आणि स्वल्पविराम बहुधा दुसऱ्याच्या जागेवर बसलाय.

माझ्या मेसेजमधले स्वल्पविराम मोजा, सात आहेत. त्यांच्या आधीचे शब्द असे: नाही, आहे, आहे, परवा, आहेत, झालंय, राहिलंय. सातापैकी सहा क्रियापदं. म्हणजे सहा वेळा वाक्य संपलं होतं आणि सहाही वेळा मी ते संपू दिलं नाही. उरलेला सातवा, ‘परवा’नंतरचा, त्याहून वाईट निघाला. त्याच्याकडे नंतर येऊ.

एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मोडी लिहिताना विरामचिन्हं वापरत नसत, शब्दसुद्धा तोडून लिहायची पद्धत नव्हती. ही चिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छपाईबरोबर, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीची पत्रं वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळायचं, कारण क्रियापदच ते सांगायचं. म्हणून मेसेजमध्ये एकही चिन्ह नसलं तरी बऱ्याचदा निभावतं. उलट चुकीच्या जागचा स्वल्पविराम ‘अजून संपलेलं नाही’ अशी खोटी खूण देतो.

क्रियापद ओळखताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे बोलीतली आखडलेली रूपं. ‘झालंय’ म्हणजे ‘झालं आहे’, ‘जायचंय’ म्हणजे ‘जायचं आहे’, ‘आलोय’ म्हणजे ‘आलो आहे’. शेवटच्या ‘य’मध्ये अख्खं ‘आहे’ दडलेलं असतं. तसंच नाही, नको, हवं, पाहिजे, नव्हतं ही सगळी वाक्य संपवणारी आहेत. दुसरं म्हणजे क्रियापदच नसलेली वाक्यं. ‘मीटिंग अकराला, खोली तीच, लॅपटॉप आणा’ यातल्या पहिल्या दोन तुकड्यांत क्रियापद दिसत नाही. तिथे मनातल्या मनात ‘आहे’ लावून बघायचं. मीटिंग अकराला आहे, खोली तीच आहे. लागलं, म्हणजे ते वाक्य आहे.

मग खात्री करा: दोन वेगळे मेसेज म्हणून पाठवता येतील का?

क्रियापद दिसलं की लगेच तोडायला धावू नका. एक साधी कसोटी आहे. स्वल्पविरामाच्या जागी मेसेज तोडला आणि दोन तुकडे वेगवेगळे पाठवले, अशी कल्पना करा. दोन्ही तुकडे आपापल्या पायावर उभे राहिले तर ती गाठ आहे. एक तुकडा जरी ‘बरं, मग पुढे?’ असा अर्धवट टांगलेला वाटला तर स्वल्पविराम आपल्या जागी बरोबर आहे.

‘तू आलास, तर निघू.’ यात ‘आलास’ हे क्रियापद आहे, पण ‘तर निघू’ एकटं पाठवून बघा, वाचणारा डोकं खाजवेल. ‘मला वाटतं, तो विसरला.’ इथे मधला ‘की’ गाळला आहे, काय वाटतं ते पुढे आहे, म्हणून स्वल्पविराम चालतो. ‘जो आधी येईल, त्याने दिवे लावावेत’ हेही तसंच, जोडीचं वाक्य. आणि ‘पोचून’, ‘गेल्यावर’, ‘बघताना’, ‘केल्याशिवाय’ असे शब्द क्रियापदापासून झालेले असले तरी वाक्य संपवत नाहीत. ‘घरी पोचल्यावर, फोन करते’ यात गाठ नाही. तिथे स्वल्पविरामाची गरजही नाही, पण तो वेगळा विषय.

हाक मारताना आणि होकार-नकार देताना येणारा स्वल्पविराम तर हक्काचाच आहे: ‘ताई, ऐका ना’, ‘हो, बघतो’. माझ्या मेसेजमध्ये नेमका तोच गाळलेला होता. सात ठिकाणी नको तिथे दिला आणि ‘ताई’नंतर हवा तिथे दिला नाही.

लोंबकळणारे शब्द आधी जाग्यावर बसवा

कुठलंही चिन्ह बदलण्याआधी हे करा. बोलताना आपण क्रियापद उच्चारून झाल्यावर राहिलेला शब्द मागून जोडतो. ‘मी येतो, संध्याकाळी.’ ‘तो देणार आहे, उद्यापर्यंत.’ बोलण्यात हे सहज खपतं, कारण आवाज खाली उतरतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा शब्द मागच्याला लागला. मेसेजमध्ये आवाज नाही. पुढे आणखी एक वाक्य आलं की तो शब्द दोघांच्या मधे सापडतो.

वेळ सांगणारे शब्द यात सगळ्यात जास्त सापडतात: आज, उद्या, परवा, संध्याकाळपर्यंत, सोमवारी, जेवण झाल्यावर. ‘मी कळवतो, संध्याकाळपर्यंत, कोणाला काही सांगू नका’ हा मेसेज घ्या. कळवणार संध्याकाळपर्यंत, की गप्प राहायचं संध्याकाळपर्यंत? पहिल्या अर्थाने गुप्तता कायमची आहे, दुसऱ्या अर्थाने संध्याकाळनंतर बोलायला मोकळीक आहे. हा फरक लहान नाही.

इथे लोक एक चूक करतात: डावीकडचा किंवा उजवीकडचा स्वल्पविराम काढून टाकतात आणि सुटलो म्हणतात. त्याने अर्धंच काम होतं. शब्द त्याच्या क्रियापदाच्या आधी नेऊन बसवला की काम पुरं होतं. ‘संध्याकाळपर्यंत कळवतो. कोणाला काही सांगू नका.’ आता पूर्णविराम त्याचं काम करू शकतो.

माझ्या ‘परवा’चं दुखणं याहून खोल होतं. त्याला स्वतःचं क्रियापदच नव्हतं. ‘येईन’ हा शब्द माझ्या डोक्यात होता, मेसेजमध्ये नव्हता. ‘विश्रांती सांगितली आहे. परवा. प्रुफं टेबलावर…’ असे पूर्णविराम ठोकले असते तरी ताईंना काही कळलं नसतं. चिन्ह गाळलेला शब्द परत आणू शकत नाही. म्हणून ‘परवा येईन’. एक शब्द वाढला आणि भूतकाळाची वाट बंद झाली.

आता प्रत्येक गाठीला एकच प्रश्न: या दोघांचं एकमेकांशी काय नातं?

गाठ सापडली, शब्द जाग्यावर बसले. आता कुठलं हत्यार? बहुतेक ठिकाणी सांगतात, तिन्हींपैकी काहीही वापरा, चालतं. व्याकरणाच्या दृष्टीने चालतं, अर्थाच्या दृष्टीने नाही. दोन वाक्यांत नातं काय आहे त्यावर निवड ठरते.

नातंच नसेल तर पूर्णविराम. ‘डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे’ आणि ‘प्रुफं टेबलावर ठेवली आहेत’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिलं माझ्या तब्येतीचं, दुसरं कामाचं. विषय बदलला तिथे तोडायचं, यात विचार करण्यासारखं फारसं काही नाही.

पूर्णविरामाबद्दल लोकांची एक तक्रार मात्र खरी आहे: मेसेजमध्ये तो तुटक, रागावल्यासारखा वाटतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याचा अभ्यास जाहीर केला. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की मेसेजमध्ये ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर तसा फरक पडला नाही. पण नीट बघा, तिथला पूर्णविराम उत्तराच्या शेवटी होता. ‘ठीक आहे.’ हे खटकतं. दोन वाक्यांच्या मधला पूर्णविराम दार आपटत नाही, तो फक्त श्वास घेतो. म्हणून मी मधले सगळे पूर्णविराम देतो आणि घरच्यांना, मित्रांना लिहिताना अगदी शेवटचा सोडून देतो. मेसेज संपला हे त्यांना तसंही दिसतंच.

नातं असेल, आणि ते वाचणाऱ्याला आपोआप कळणार नसेल, तर उभयान्वयी अव्यय. माझ्या मते सगळ्यात जास्त कामाचं हत्यार हेच आहे, आणि लोक ते सगळ्यात कमी वापरतात. स्वल्पविराम नातं लपवतो, अव्यय ते उघड सांगतं. हा मेसेज बघा:

“सर चिडले, रिपोर्ट उशिरा गेला”

काय झालं? रिपोर्ट उशिरा गेला म्हणून सर चिडले, असं बहुतेकजण वाचतील. पण असंही असू शकतं की सरांनी आधी रिपोर्ट बघितला, चिडले, सगळा परत करायला लावला, आणि म्हणून तो उशिरा गेला. पहिल्यात दोष रिपोर्ट करणाऱ्याच्या वेळेचा आहे, दुसऱ्यात त्याच्या मजकुराचा. हा मेसेज तिसऱ्या कोणाकडे गेला, तर तो कोणाला काय बोलेल याचा नेम नाही.

“सर चिडले, कारण रिपोर्ट उशिरा गेला.”
“सर चिडले, म्हणून रिपोर्ट उशिरा गेला.”

‘कारण’नंतर आधी घडलेली गोष्ट येते, ‘म्हणून’नंतर मग घडलेली. दोन शब्दांनी कार्यकारणाची दिशा उलटते. मेसेज लिहिताना हाच प्रश्न स्वतःला विचारा: आधी काय घडलं? उत्तर देता आलं की अव्यय आपोआप सुचतं. उत्तर देता आलं नाही तर चूक चिन्हाची नाही, आपल्यालाच नीट माहीत नाही.

‘पण’चंही असंच. ‘दुसरं प्रकरण वाचून झालंय, तिसरं राहिलंय’ यात काय झालं आणि काय उरलं हा विरोध आहे. ‘पण’ घातला की वाचणाऱ्याची नजर ‘तिसरं’वर जाते, आणि मला त्यांनी तिसरंच बघायला हवं होतं. ‘आणि’ घातला असता तर दोन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या झाल्या असत्या. घाईत असलेल्या माणसाच्या हाताखाली ‘आणि’ सारखा येतो. ‘निघायला उशीर झाला आणि गाडी चुकली आणि आता थांबलोय आणि…’ अशी माळ स्वल्पविरामाच्या माळेपेक्षा काही बरी नाही. एका मेसेजमध्ये एकदा ‘आणि’ आला की दुसऱ्या वेळी थांबून बघावं, हा माझा स्वतःपुरता नियम आहे.

‘नंतर’, ‘मग’, ‘तोपर्यंत’ हे शब्द जोडणारे वाटतात, पण ते मुळात वेळ सांगतात. ‘मी सहाला येतो, तोपर्यंत तुम्ही सुरू करा’ हे बोलण्यात चांगलं चालतं आणि अर्थही चुकत नाही, म्हणून मी मित्राच्या मेसेजमध्ये त्याला हात लावत नाही. पण वाक्यं लांबली की त्याआधी पूर्णविरामच बरा: ‘मी सहाला येतो. तोपर्यंत तुम्ही पहिल्या पानापासून सुरू करा आणि शंका बाजूला लिहून ठेवा.’ ‘त्यामुळे’ मात्र आता इतका रुळलाय की तो ‘म्हणून’सारखाच धरावा.

अर्धविराम: थोडाच, पण जिथे हवा तिथेच

राहिला अर्धविराम. शाळेत शिकवलेला नियम असा: दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असतील तर मधे अर्धविराम द्यावा. ‘ढग गडगडले; पण पाऊस आला नाही.’ म्हणजे आपल्या नियमात अर्धविराम आणि अव्यय एकत्र नांदतात. इंग्रजीत साधारणपणे उलट शिकवतात: अव्यय असेल तर स्वल्पविराम, नसेल तर अर्धविराम. दोन्ही भाषांत मेसेज लिहिणाऱ्यांची यात हमखास गल्लत होते. आज मराठीत छापील मजकुरातसुद्धा ‘पण’च्या आधी स्वल्पविरामच जास्त दिसतो, आणि मेसेजमध्ये त्याला कोणी चूक म्हणणार नाही. या लेखात मीही तेच केलंय.

मग मेसेजमध्ये अर्धविराम वापरायचा कधी? मला तो एकाच ठिकाणी खरा उपयोगी वाटतो: दोन वाक्यं एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतील, नातं लख्ख दिसत असेल, आणि अव्यय घातलं तर उगाच समजावून सांगितल्यासारखं वाटेल. ‘मला आज यायला जमणार नाही; ताप आहे.’ इथे ‘कारण मला ताप आहे’ असं लिहिलं तर रजेच्या अर्जासारखं होतं. पूर्णविराम दिला तर ‘ताप आहे.’ हे दोन शब्द एकटे पडतात, थोडे नाटकी वाटतात. अर्धविराम दोघांना एका श्वासात ठेवतो, तरी मधे भिंतही घालतो.

अर्धविराम देण्याआधी एक तपासणी: त्याच्या जागी पूर्णविराम ठेवून वाचा. दोन्ही बाजू पुरी वाक्यं वाटायलाच हवीत. ‘तू आलास; तर निघू’ इथे तो चुकला, उजवी बाजू एकटी उभी राहत नाही. आणि एका मेसेजमध्ये एकच. दोन अर्धविराम आले की वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी नोटीस लिहायला बसलंय.

फोनवरच्या दोन अडचणी. बहुतेक कीबोर्डवर अर्धविराम चिन्हांच्या वेगळ्या पानावर असतो, म्हणून हात स्वल्पविरामाकडेच वळतो. शोधायचा कंटाळा आला तर पूर्णविराम द्या, स्वल्पविराम नको. आणि अर्धविरामापाठोपाठ कंस आला तर काही फोनवर तो डोळा मारणारा चेहरा होतो. तापाच्या निरोपात डोळा मारलेला बरा दिसत नाही.

सगळं एकत्र

आता तो मेसेज पुन्हा लिहू. पहिल्या दोन वाक्यांत कारण उघड आहे, म्हणून अर्धविराम. विश्रांती आणि परवा येणं यांत परिणामाचं नातं आहे आणि ‘येईन’ गाळलेलं होतं, म्हणून ‘म्हणून परवा येईन’. तिथे विषय बदलतो, पूर्णविराम. झालेलं आणि राहिलेलं यांत विरोध, ‘पण’. शेवटी विनंती आहे, तिला प्रश्नचिन्ह.

“ताई, मला आज यायला जमणार नाही; ताप आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, म्हणून परवा येईन. प्रुफं टेबलावर ठेवली आहेत. दुसरं प्रकरण वाचून झालंय, पण तिसरं राहिलंय. तुम्ही बघाल का?”

आधीच्यापेक्षा फक्त तीन शब्द जास्त: म्हणून, येईन, पण. लिहायला दहा सेकंदं जादा लागली असती.

आणि तरीही ताईंनी जुनाच गठ्ठा उचलला असता, अशी शक्यता आहे! टेबलावर गठ्ठे दोन, आणि कुठला ते या मेसेजमध्येही कुठेच नाही. ‘कालची प्रुफं टेबलावर उजवीकडे ठेवली आहेत’ असं लिहायला हवं होतं. तसंच ‘तुम्ही बघाल का?’ याच्या आधी ‘ते’ हवं, नाहीतर दोन्ही प्रकरणं बघायची असं कोणी समजेल. हे मला गाठी सोडवताना दिसलं. सगळं स्वल्पविरामांच्या माळेत होतं तोवर प्रत्येक तुकडा पुढच्याच्या आधारावर उभा होता, आणि कोणाला कशाची कमी आहे ते कळत नव्हतं. वाक्य सुटं केलं की त्यातली भोकं दिसतात.

कुठे सोडून द्यायचं

सगळ्याच गाठी सोडवायच्या नसतात. तीन अटी जमल्या तर मी स्वल्पविराम तसाच ठेवतो: तुकडे दोन-तीन शब्दांचे आहेत, सगळ्यांचा कर्ता एकच आहे किंवा उघड आहे, आणि ते घडले त्याच क्रमाने लिहिलेत. ‘आलो, बघितलं, निघालो’ हे पूर्णविरामांनी तोडलं तर त्यातली लगबग मरते. यातली एखादी अट मोडली की बघावं लागतं. बहुधा मोडते ती दुसरी. ‘निघालो, पोचला, सांगतो’ या तीन शब्दांत किती माणसं आहेत ते तुम्हीच मोजा.

दुसऱ्याच्या मेसेजमधली गाठ दिसली तर? अर्थ कळला असेल तर गप्प बसावं. कळला नसेल तर ‘तुझे स्वल्पविराम चुकले’ असं सांगण्यात काही हशील नाही, नेमका प्रश्न विचारावा: ‘संध्याकाळपर्यंत कळवणार, की संध्याकाळपर्यंत गप्प राहायचं?’ समोरचा लगेच नीट लिहून पाठवतो.

त्या दिवशी घोळ लक्षात आल्यावर मी ताईंची माफी मागणारा मेसेज पाठवला, या खेपेला तीनदा वाचून. त्यांचं उत्तर आलं:

“ठीक आहे, बघते, काळजी घ्या, परवा या”

तीन स्वल्पविराम, तिन्हींच्या आधी क्रियापद. ‘बघते’ त्यांचं, ‘घ्या’ माझं, म्हणजे कर्ताही मधेच बदलला. पण ‘या’ हे आज्ञार्थी आहे. होऊन गेलेल्या परवाला कोणी ‘या’ म्हणत नाही.